निवेदक काढावा की ठेवावा? कोरस, सूत्रधार आणि ऊसतोडीवरचे एक नाटक

दुधनाकाठ (सेलू)

ऊसतोडीला गेलेल्या टोळीवर आमचे दोन अंकी नाटक आहे. त्यात प्रत्येक प्रवेशाआधी निवेदक येऊन काय घडले ते सांगतो. एका स्पर्धेत परीक्षकांनी "निवेदक अनावश्यक" एवढाच शेरा दिला. ग्रीक नाटकात कोरस चालतो, संस्कृत नाटकात सूत्रधार चालतो, मग आमचाच निवेदक का खटकावा? काढावा की ठेवावा?

जुना प्रॉम्प्टर (नांदेड)

काढावा. आपण ज्या सूत्रधाराचा आधार घेता, तो संस्कृत नाटकात प्रस्तावना संपली की निघून जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. 'शाकुंतला'त नटी ग्रीष्माचे गीत गाते, सूत्रधार म्हणतो की हरणामागे ओढल्या गेलेल्या दुष्यंतासारखा मी तुझ्या गाण्याने ओढला गेलो, आणि पुढच्याच क्षणी रथातला राजा रंगभूमीवर येतो. प्रेक्षकाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडणे एवढेच त्याचे काम. आपला निवेदक प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून आत काय आहे ते आधीच सांगतो, मग आत जाण्यात गंमत ती काय उरते? ग्रीक कोरसची गोष्टच निराळी. तो म्हणजे रंगभूमीवर बसवलेला आदर्श प्रेक्षक. आपण काय वाटून घ्यावे हे तो सांगतो. आजच्या प्रेक्षकाला अशा शिकवणीची गरज नाही. मी चाळीस वर्षे विंगेत बसून नाटके पाहिली आहेत. जिथे लेखकाला प्रवेश लिहिता आला नाही, तिथे हमखास निवेदक उगवतो, असे माझे निरीक्षण आहे.

हलगी (गेवराई)

आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. नायक कथा सांगतो, आणि मागचा संबळवाला किंवा तुणतुणेवाला मध्येच "मग पुढं काय झालं?" म्हणून विचारतो. सांगणारा एकटा कधीच नसतो. गेल्या वर्षी गावातल्या पोरांनी नाटक बसवले तेव्हा निवेदन मोबाईलवर रेकॉर्ड करून भोंग्यावर लावले. दुसऱ्या प्रवेशात वीज गेली आणि निवेदकही गेला, तरी नाटक पुढे चालले आणि कुणाचे काही अडले नाही. आपला प्रश्न निवेदन रेकॉर्ड करावे की प्रत्यक्ष बोलावे, असाच आहे ना? तसे असेल तर प्रत्यक्षच बोलावे.

ओसरी (अंबाजोगाई)

हलगी, प्रश्न रेकॉर्डिंगचा नव्हता, पण आपण नकळत सर्वांत उपयोगी परीक्षा सांगितलीत. वीज गेली, निवेदक गेला आणि कुणाचे काही अडले नाही, म्हणजे तो निवेदक नाटकाच्या बाहेरच होता. दुधनाकाठ यांनी वीज जाण्याची वाट न पाहता एका तालमीत निवेदकाची सगळी वाक्ये गाळून पाहावीत, आणि नाटक कुठे अडते तेवढे टिपून ठेवावे.

प्रॉम्प्टरसाहेबांचे सूत्रधाराविषयीचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. सूत्रधार जातो, पण कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. 'उत्तररामचरिता'त भवभूतीचा सूत्रधार प्रेक्षकांसमोरच सांगतो की कामाच्या निमित्ताने मी आता अयोध्येचा आणि त्या काळचा झालो आहे. क्षणापूर्वी तो नाटकमंडळीचा प्रमुख होता, आता रामाच्या नगरीतला रहिवासी आहे. 'मुद्राराक्षसा'त तर याहून मजा आहे. सूत्रधार ग्रहणाविषयी बोलताना क्रूर ग्रह चंद्राला ग्रासू पाहतो असे म्हणतो, आणि पडद्यामागून चाणक्य गरजतो, "मी असताना चंद्रगुप्ताला ग्रासू पाहणारा हा कोण?" सूत्रधार घाबरून निघून जातो. गोष्टीने त्याचे वाक्य त्याच्या तोंडातून हिसकावून घेतले. आपल्या निवेदकाचे वाक्य असे कुणी हिसकावून घेते का? की तो आपले सांगून विंगेत जातो आणि दिवे लागतात?

शिवाय मराठी परंपरेत सुरुवातीला सूत्रधार प्रस्तावनेपुरता नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्यात सूत्रधार साथीदारांसह शेवटपर्यंत रंगभूमीवर असे. पदांतून कथा तो पुढे नेई आणि पात्रे आपली भाषणे ऐनवेळी रचून बोलत. १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पात्रे स्वतःच गाऊ लागली आणि सूत्रधाराचे ते काम संपले. म्हणजे तो गेला तो निरुपयोगी म्हणून नव्हे, त्याचे काम पात्रांनी उचलले म्हणून.

आता कोरस. 'आदर्श प्रेक्षक' ही उपमा छान आहे, पण नाटके तिला जुमानत नाहीत. ग्रीक नाटककार ईस्किलसच्या एका नाटकात कोरस म्हणजे सूड घ्यायला आलेल्या देवताच आहेत. दुसऱ्या एकात आश्रय मागायला आलेल्या मुली कोरसमध्ये आहेत आणि नाटक त्यांच्याचविषयी आहे. यांना प्रेक्षक कसे म्हणायचे? अॅरिस्टॉटलचेही मत असे की कोरसला एक नट समजावे, तो संपूर्ण नाटकाचा भाग असावा. कुठल्याही नाटकात बसतील अशी सुटी गाणी कोरसला देण्याची जी प्रथा पुढे पडली, तिच्यावर त्याची नाराजी होती. परीक्षकांचा शेराही बहुधा तेवढाच आहे.

दुधनाकाठ यांच्या नाटकाला थेट लागू पडेल अशी एकच जागा सांगते. ईस्किलसचे 'अॅगमेम्नॉन' हे नाटक इ.स.पू. ४५८ चे. त्यातला कोरस म्हणजे आर्गोसचे म्हातारे. दहा वर्षांपूर्वी सैन्य ट्रॉयला गेले तेव्हा वय झाल्यामुळे ते मागे राहिले. काठी टेकत चालणारी ही माणसे आहेत. विजयी राजा परततो, महालात जातो, आणि आतून त्याची किंकाळी येते. इतका वेळ एका सुरात गाणारा कोरस इथे फुटतो. बारा तुकडे, प्रत्येकी दोन ओळी. एक म्हणतो, गावाला हाक घालू. दुसरा म्हणतो, आत्ताच आत घुसून त्यांना रंगेहाथ पकडू. कुणी म्हणतो, आपण वेळ घालवतो आहोत. कुणाला वाटते, शब्दांनी मेलेला उठत नाही. कुणी विचारतो, नुसत्या कण्हण्यावरून राजा मेला असे कसे म्हणायचे? शेवटचा म्हणतो, नक्की काय झाले ते आधी कळू द्या. तेवढ्यात दार उघडते आणि राणी प्रेतांपाशी उभी असते. त्या चोवीस ओळींत कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. तरी त्या गाळल्या तर खुनाला साक्षीदार उरतात, पण त्या वेळी काहीच न केलेली माणसे उरत नाहीत.

आपल्या नाटकात 'त्या रात्री आगाऊ घेतलेली उचल बुडवली म्हणून मुकादमाने एकाला कोपीत कोंडून मारले आणि टोळी गप्प राहिली', असा काही प्रसंग निवेदकाच्या तोंडी असणारच, असा माझा अंदाज आहे. असेल तर ते वाक्य खोडा. कोपीबाहेर टोळी उभी करा, आतून आवाज येऊ द्या, आणि प्रत्येक कोयत्याला एकेक ओळ द्या. कुणाची उचल फिटलेली नाही, कुणाची बायको दिवसांत आहे, कुणाला वाटते की आतला आवाज बैलाचा असावा. 'टोळी गप्प राहिली' हे कुणालाही सांगावे लागणार नाही.

तालमीत एक चूक हमखास होते, म्हणून आधीच सांगते. आठ जण एकाच वेळी पूर्ण वाक्य बोलले की दुसऱ्या रांगेलाही शब्द कळत नाहीत, नुसता गलका ऐकू येतो.  यावर कीर्तनातल्या टाळकऱ्यांची रीत चालते. एकाने वाक्य उचलावे आणि बाकीच्यांनी शेवटचे दोन-तीन शब्दच घ्यावेत. प्रेक्षकाला वाक्य समजते आणि जमावही जाणवतो.

जुना प्रॉम्प्टर (नांदेड)

भवभूतीबद्दल आपले बरोबर, मी घाईने लिहिले. पण दोन गोष्टी पटत नाहीत. पहिली व्यवहाराची आहे. निवेदक एक माणूस असतो. टोळी म्हणजे आठ माणसे, त्यांचे कपडे, जेवण आणि गाडीतली जागा. बाहेरगावच्या प्रयोगाला ऐनवेळी तिघे आले नाहीत तर आपला कोरस गळतो, आणि एकेक ओळ वाटलेली असेल तर त्या ओळींचे काय करायचे? दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्या म्हाताऱ्यांना अडवणारे वय आणि भीती यांपलीकडे फारसे काही नाही. राजा त्यांचाच आहे. टोळीतल्या माणसाने दार ढकलले तर पुढच्या हंगामात त्याला काम मिळत नाही आणि उचल डोक्यावर राहते. त्याला रंगभूमीवर 'काहीच न केलेला' म्हणून उभे करणे हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? 'घाशीराम कोतवाल'मध्ये बारा जणांची रांग कधी भिंत होते, कधी पाठ फिरवते. ती चालते, कारण त्या पाठ फिरवण्यात त्यांचा स्वार्थ आहे. तिथे सूत्रधारही शेवटपर्यंत असतो आणि त्याच रांगेतल्या माणसांना चाललात कुठे म्हणून चिमटे काढतो. म्हणजे निवेदक आणि कोरस एकत्र नांदू शकतात. दोघांतून एकच निवडा असे कुणी सांगितले?

ओसरी (अंबाजोगाई)

'घाशीराम'चा दाखला चोख आहे, तो मीच आधी द्यायला हवा होता. तिथला सूत्रधार सांगत कमी आणि विचारत जास्त आहे, म्हणूनच तो टिकतो. माणसे कमी पडली तर ओळी वाढवून वाटता येतात. ईस्किलसच्या त्या प्रसंगात नेमके किती आवाज असावेत यावर विद्वानांतही वाद आहे, तेव्हा पाच जणांत करायलाही हरकत नसावी. अन्यायाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. मी एवढेच म्हणेन की प्रत्येकाच्या ओळीत त्याची अडचण खरी असली पाहिजे, नुसते निमित्त असता कामा नये. ते म्हातारेही पुढे राणीच्या साथीदारासमोर लढायला उभे राहतात. ईस्किलसने त्यांना भित्रे म्हणून सोडून दिलेले नाही.

हलगी (गेवराई)

माझे मामा तीन हंगाम कोयत्यावर गेले होते. कोपीतून असा आवाज आला तर बायका आधी मोठ्याने पाणी मागायला जातात, म्हणजे आतल्याला थोडी उसंत मिळते. हे नाटकात चालत असेल तर घ्या.

दुधनाकाठ (सेलू)

ओसरींचा अंदाज खरा निघाला. ते वाक्य आमच्या दुसऱ्या अंकात जवळपास त्याच शब्दांत आहे. काल संध्याकाळी निवेदकाची अकरा निवेदने गाळून वाचन केले. नऊ ठिकाणी काही अडले नाही, हे सांगताना लाज वाटते. दोन ठिकाणी अडले. पहिल्या ठिकाणी गावातून कारखान्यापर्यंतचा प्रवास आहे. तिथे निवेदन ठेवले, पण ते आता ट्रॅक्टरवर बसलेली म्हातारीच सांगते. दुसरी जागा कोपीची. तिथे सहा ओळी लिहिल्या, सहा जणांना वाटल्या. पहिल्यांदा वाचताना सगळे घाईने बोलले आणि बाजारातले भांडण झाले. मग प्रत्येक ओळीनंतर आतला आवाज ठेवला, तेव्हा पुढची ओळ बोलायला मुलांनाच जड जाऊ लागले. हलगींनी सांगितलेले पाणी मागणे सातवी ओळ म्हणून घेतले आहे. ती बोलणाऱ्या मुलीने विचारले की मी पाणी घेऊन आत जायचे की बाहेरच थांबायचे. प्रॉम्प्टरसाहेबांचा आक्षेप मला तिथे आठवला. ती आत गेली तर मार थांबतो आणि पुढचा प्रवेश उरत नाही. बाहेर थांबली तर सातवी ओळही बाकीच्या सहांसारखीच होते. सध्या ती कोपीच्या दारात हंडा घेऊन उभी राहते आणि तिथेच अंधार करतो. रविवारी उभ्याने तालीम आहे.