मदत हवी आहे: रन चालू असताना मशीन बंद पडलं, मधली रीडिंग गेली, टीएंना मेल कसा लिहू?

निळीशाई
क्रिस्टल व्हायोलेटचा रंग सोडियम हायड्रॉक्साइडने उडतो त्या प्रयोगाचा रिपोर्ट द्यायचाय. ०.०१, ०.०२, ०.०३ मोलर असे तीन रन, दर २० सेकंदांनी ॲबसॉर्बन्स, दहा मिनिटं. ०.०२ वाल्यात १६० सेकंदांपर्यंत सगळं मस्त चाललेलं आणि मग स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर नुसत्या `----`, ते थेट २८० पर्यंत, ३०० ला आपोआप परत आकडे यायला लागले. म्हणजे ३१ पैकी ६ रीडिंग गेली. परत करायला वेळच नव्हता. मेल असा लिहिलाय:

"नमस्कार मॅडम, मशीन खराब असल्यामुळे आमचा डेटा नीट आला नाही. यात आमची चूक नाही. कृपया मार्क कापू नयेत. काय करावं ते सांगावं."

पार्टनर म्हणते रडका वाटतोय. पाठवू का?

सरळरेघ
मेल कशाला, ln A विरुद्ध वेळ काढलं की सरळ रेघच येते ना? सहा बिंदू त्या रेघेवरून भरून टाक, कोणाला कळणारे.

जुनाबीकर
भरू नको बाई. रेघ सरळ येते हे बरोबर, पण म्हणूनच भरायची गरज नाही, उरलेल्या २५ वरून स्लोप निघतोच. रेघेवरून काढलेले बिंदू परत त्याच रेघेत घातले तर नवीन माहिती शून्य, फक्त फिट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, आणि ती बनवाबनवीच झाली. मला काळजी वेगळीच आहे. गेलेली सहा सोड, ३०० नंतर आलेली रीडिंग खरी कशावरून? आधीच्या ९ चा आणि नंतरच्या १६ चा स्लोप वेगवेगळा काढ. आणि रन झाल्यावर ब्लँक परत बघितला होतास का?

मीठपाणी
आमच्या पीएच मीटरचं पण असंच झालेलं, इलेक्ट्रोड कोरडा पडलेला, मग बफरने कॅलिब्रेट केला आणि सगळं नीट. तू पण कॅलिब्रेट करून बघ.

निळीशाई
@मीठपाणी रन होऊन गेलाय हो, आता काय कॅलिब्रेट करू 😅
@जुनाबीकर बापरे. आधीचा ०.००४० आणि नंतरचा ०.००३० प्रतिसेकंद (मायनस धरून). ब्लँक शेवटी सहज लावलेला, वहीत ०.०४५ लिहिलंय, सुरुवातीला शून्य होता. मला वाटलं ते महत्त्वाचं नाही.

जुनाबीकर
अगं तेच तर सगळ्यात महत्त्वाचं! दिवा परत लागला तो मंद लागला असणार. प्रकाश १० टक्के कमी झाला तर प्रत्येक रीडिंगमध्ये साधारण ०.०४६ ची भर पडते. ०.९ वर ती कळतही नाही, पण शेवटी रंग उडालेला असताना ती भर खऱ्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त होते, म्हणून रेघ शेवटाकडे आडवी पडते आणि रिॲक्शन मंदावल्यासारखी वाटते. ३०० आणि ६०० चं रीडिंग सांग.

निळीशाई
०.३१७ आणि ०.१२८

जुनाबीकर
दोन्हींतून ०.०४५ वजा केले तर ०.२७२ आणि ०.०८३, स्लोप परत ०.००४० च्या आसपास. आणि पहिल्या नऊंची रेघ पुढे नेली तर ३०० ला ०.२७ यायला हवं. जुळतंय.

काचपात्र
एक शंका. क्रिस्टल व्हायोलेट क्युवेटला चिकटतो, मग धुतल्यावरही जांभळी झाक राहते. ब्लँक त्याच क्युवेटमध्ये घेतला असेल तर ०.०४५ डागाचाही असू शकतो, दिव्याचा नाही.

जुनाबीकर
खरंय. पण डाग हळूहळू वाढला असता, ३०० लाच पूर्ण फरक दिसला नसता. अर्थात १६० सेकंदांच्या रेघेवरून ३०० चा अंदाज कितपत धरायचा हा प्रश्न आहेच, म्हणून वजा करायचं की नाही ते टीएंनाच ठरवू दे. मेलमध्ये चूक कोणाची ते नको, काय दिसलं ते लिही.

सरळरेघ
किंवा ०.०२ चा रन काढूनच टाक, दोन उरतात.

जुनाबीकर
मग हायड्रॉक्साइडची ऑर्डर कशी काढणार? दोन बिंदूंतून रेघ नेहमीच सरळ जाते.

निळीशाई
असा लिहिलाय:

"नमस्कार मॅडम, ०.०२ मोलरच्या रनमध्ये १८० ते २८० सेकंद मशीनने रीडिंग दिलं नाही (६ रीडिंग). ती जागा टेबलमध्ये रिकामी ठेवली आहे. ३०० नंतरची रीडिंग वर सरकल्यासारखी वाटतात: स्लोप आधी ०.००४०, नंतर ०.००३०, आणि रननंतर ब्लँक ०.०४५ आला. मी (१) फक्त पहिली ९ रीडिंग वापरू, (२) नंतरच्यांतून ०.०४५ वजा करून दोन्ही स्लोप रिपोर्टमध्ये दाखवू, की (३) रन परत करायला वेळ मिळू शकेल? मूळ आकडे आणि वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे."

काचपात्र
ब्लँक कुठल्या क्युवेटमध्ये घेतला तेही लिही.

निळीशाई
पार्टनरला विचारलं. ती म्हणते तोच धुऊन वापरला, मला दुसरा आठवतोय. "नक्की आठवत नाही" असंच लिहून पाठवते.