उत्तर: पावसाचा सहगुणक उणे का येतोय?

> यवतमाळकडच्या गावांचा कापसाचा डेटा आहे. एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस दोन्ही घेतले की पावसाचा सहगुणक उणे येतो. रेसिड्युअल प्लॉटमध्ये काय शोधू?

या उणे चिन्हाचं कारण बहुधा रेसिड्युअल प्लॉटमध्ये सापडणार नाही. कारण बहुधा बहुसंरेखता आहे, म्हणजे पाऊस आणि पावसाचे दिवस जवळजवळ एकत्रच वाढतात-घटतात. ती असते दोन स्वतंत्र चलांमध्ये, आणि रेसिड्युअल त्याबद्दल काही बोलत नाहीत. त्यासाठी VIF, म्हणजे बहुसंरेखतेमुळे सहगुणकाचं प्रसरण किती पट फुगतं तो आकडा, काढा: VIF = 1/(1−R²). यातला R² उत्पन्नाच्या मॉडेलचा नाही, पावसाचे दिवस वापरून पावसाचा अंदाज केला की येणारा. समजा पाऊस आणि पावसाचे दिवस यांचा सहसंबंध ०.९५ आहे, तर R² साधारण ०.९० आणि VIF दहाच्या आसपास येतो. म्हणजे सहगुणकाची प्रमाण त्रुटी तिपटीहून थोडी जास्त फुगते. एवढ्या त्रुटीत चिन्ह सहज उलटतं. दोन-चार गावं काढून मॉडेल पुन्हा चालवा. चिन्ह बदललं तर त्याचा अर्थ लावू नका. अंदाज मात्र तेवढा बिघडत नाही, आणि रेषीय समाश्रयणाचं गृहीतकही मोडत नाही.

प्लॉट काढाच, पण वेगळ्या कारणासाठी. आडव्या अक्षावर पाऊस, उभ्यावर रेसिड्युअल. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की कपाशी पिवळी पडते, म्हणून कमी आणि अति पावसाची गावं शून्याखाली, मधली वर, अशी कमान दिसू शकते. दिसली तर रेषीयतेचं गृहीतक मोडलंय. पावसातून सरासरी वजा करून त्याचा वर्ग मॉडेलमध्ये घाला. आधी वजा नाही केलं तर पाऊस आणि त्याचा वर्ग यांच्यातच नवी बहुसंरेखता येईल.

ठिपके नरसाळ्यासारखे पसरत गेले तर उत्पन्नाचा लॉग घेऊन बघा.