मदत हवी आहे: एका लांबलचक लेखाचे वेगवेगळे रील कसे पाडायचे?

अनवाणी
ब्लॉगवर अडीच हजार शब्दांचा लेख आहे. त्याचे उभे छोटे व्हिडिओ करतोय. पण जे केले ते सगळे एकाच मुशीतले वाटतात. परवाचा बघून बहीण म्हणाली, "हा आधीच टाकला होतास ना?" कात्री नेमकी कुठे लावायची तेवढं सांगा. शनिवारी पुढचा टाकायचाय. "सातत्य ठेवा, यश येईल" छापाचे सल्ले कृपया नकोत.

डोंगरवेडा७७
सोप्पं आहे. परिच्छेदाला एक रील. वर ठळक अक्षरात भाग १, भाग २. लोक पुढचा भाग शोधत प्रोफाइलवर येतात. माझे फॉलोअर असेच वाढले.

रश्मी_संकलन
लेख कशावर आहे ते तर सांगा! चेहरा दिसणार का नुसता आवाज? चित्रण उभं का आडवं?

अनवाणी
हरिश्चंद्रगड. पाचनईहून चढाई, हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा, तिथलं इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य, तारामती शिखर, उतरणं. शेवटी बाकीच्या वाटांची माहिती. आवाज माझा. चित्रण बहुतेक आडवं. पण विषयाने काय फरक पडतो? मला पद्धत हवीय.

नानाकाका
पाचनईची वाट म्हणजे फिरायला जाणं झालं. आम्ही खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जायचो, पाठीवर रॉकेलचा स्टोव्ह घेऊन. आता काय, वरपर्यंत झुणका-भाकर मिळते.

रश्मी_संकलन
फरक पडतो, कारण तुमचा लेख चालण्याच्या क्रमाने लिहिलाय. तो कुठेही कापला तरी प्रत्येक तुकडा "मग आम्ही पुढे निघालो" असाच सुरू होणार. बहिणीला तेच जाणवलं असेल. जागा बदलते, पण सांगणारा तोच, सूर तोच आणि प्रश्नच नाही.

लेख बाजूला ठेवा आणि कागदावर फक्त लोकांचे प्रश्न लिहा. गडावर पहिल्यांदा जाणारा विचारेल, माझ्यासाठी कोणती वाट? ज्याला डोंगर चढायचाच नाही तो विचारेल, त्या गुहेत तीन खांब तुटले तरी छत कसं टिकलं? विज्ञानाची आवड असणारा विचारेल, इंद्रवज्र पूर्ण गोल का दिसतं? जुन्या साहित्यातला विचारेल, चांगदेवाचा या गडाशी काय संबंध? ही चार वेगळी माणसं आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळी संहिता होते. लेखातली एकच ओळ दोन संहितांत आली तर एकीतून काढायची.

डोंगरवेडा७७
मग गडाचा अख्खा प्रवास कोणाला कळणार? तुकडे तुकडेच राहिले की.

रश्मी_संकलन
प्रवासासाठी लेख आहेच. पाचनईची सकाळ, चहा, गाडी कुठे लावली, हे लेखात छान वाटतं. व्हिडिओत ते पहिलं उडवायचं. आणि तुमच्या भाग १, भाग २ ची अडचण अशी की अनोळखी माणसासमोर भाग ३ आधी येतो. तो "मागच्या भागात आपण पाहिलं" ऐकतो आणि बोट वर सरकवतो. जे तुम्हाला आधीपासून ओळखतात त्यांच्यासाठी मात्र ते चालतं, हे मान्य.

अनवाणी
प्रश्नांचं पटलं. पण लिहायला बसलो की पुन्हा निबंध होतो. एक करून दाखवा ना.

रश्मी_संकलन
खांबांचं घेऊ. चाळीस सेकंद धरा. मराठीत सेकंदाला जेमतेम दोन शब्द नीट बोलता येतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास शब्द. त्याहून जास्त लिहिलं की तुम्ही घाईत वाचता.

"तीन खांब तुटले, तरी हे छत पडलं नाही. केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाणी, मधोमध शिवलिंग, भोवती चार खांब. त्यातला एकच शाबूत. लोक सांगतात, चार खांब म्हणजे चार युगं, चौथा पडला की जग बुडणार. पण हे छत खांबांवर कोणी ठेवलेलंच नाही. आतला दगड काढत काढत गुहा कोरली, त्यात शिल्लक ठेवलेला दगड म्हणजे हे खांब. छत म्हणजे अख्खा डोंगर. पाण्यात उतराल तेव्हा मान वर करा, तुटलेल्या खांबांचे वरचे तुकडे अजून छताला आहेत."

गड कुठे, किती उंच, कसं जायचं, यातलं काहीही नाही. ते खाली वर्णनात टाका.

मधुरा_डोंबिवली
मी पण रील करते, पण रेसिपीचे. कॉलरला लावायचा माइक कोणता घ्यावा? वाऱ्यात आवाज फार खराब येतो.

अनवाणी
भारी. मी इंद्रवज्राचं केलं, बघा: "१८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरचं एक अद्भुत दृश्य नोंदवलं…"

रश्मी_संकलन
साइक्स तिसऱ्या ओळीत. पहिली ओळ अशी हवी, की तिच्या जागी खांबांची पहिली ओळ ठेवून चालणारच नाही. तुमची ओळ मंदिरावर, वाटांवर, कशावरही चालेल. फक्त "दृश्य" शब्द बदलायचा. "इथे दिसणाऱ्या इंद्रधनुष्याच्या मधोमध तुमचीच सावली असते" असं सुरू करा. मग कारण सांगा. सूर्य पाठीशी, धुकं समोर कड्याखाली, म्हणून तुमची सावली धुक्यावर पडते आणि रंगांचं कडं तिच्याभोवती उमटतं. नेहमीच्या इंद्रधनुष्याचा खालचा भाग जमीन खाते, इथे खाली दरी आहे म्हणून गोल पूर्ण होतो. आणि मग, साइक्सने हे १८३५ मध्ये नोंदवलं.

डोंगरवेडा७७
आडवं चित्रण उभं करायला काही लागत नाही, ॲपमध्ये झूम करायचं.

रश्मी_संकलन
झूम केलं की रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही. कोकणकड्याचा तो वाकलेला अर्धगोल गेला, राहिला नुसता काळा दगड. कडा हवा असेल तर त्या आडव्या चौकटीतूनच डावीकडून उजवीकडे हळू सरकवा. खांब मात्र उभेच असतात, तिथे कापलेलं खपून जातं. म्हणूनही आधी तोच टाका म्हणते. आणि अक्षरं तळाला लिहू नका, तिथे ॲपची बटणं आणि तुमचंच वर्णन येतं.

अनवाणी
ओके, शनिवारी खांब. त्यानंतर नळीची वाट. बेलपाड्याहून चढलेल्या मित्राचं चित्रण आहे, थरारक आहे. तीच जास्त चालेल.

नानाकाका
ती टाकू नका. ती दोर लावून, जाणकाराबरोबर करायची वाट आहे. पोरं चाळीस सेकंदांचा थरार बघतात आणि चपला घालून निघतात.

अनवाणी
काका, "जाणकाराशिवाय जाऊ नका" असं लिहीन ना खाली.

नानाकाका
खाली कोण वाचतं? तुमच्या रश्मीताईच सांगतायत, तळाला बटणं असतात.

रश्मी_संकलन
काकांचा मुद्दा आहे. वाट कशी चढायची यापेक्षा "पहिल्यांदाच जाताय तर ही वाट का नको" हा कोन घ्या, आणि ते पहिल्या ओळीतच म्हणा. म्हणजे "माझ्यासाठी कोणती वाट" हा व्हिडिओही त्यातच उरकेल. पाचनई सोपी, खिरेश्वर लांब, ही नको.

डोंगरवेडा७७
"नको" म्हणणारे व्हिडिओ कोणी बघत नाही. थरार दाखवा, लोक शहाणे असतात.

अनवाणी
त्यावर विचार करतो. आधी शनिवार.

मधुरा_डोंबिवली
माइकचं कोणी सांगेल का? बजेट दीड-दोन हजार.