मदत हवी आहे: तिसऱ्या संशोधनप्रश्नाचं विश्लेषण कसं लिहू?

नमस्कार मंडळी. दापोलीकडच्या 6 शाळांतल्या नववीच्या मुलांच्या अभ्यासप्रेरणेवर पीएचडी करतेय. संशोधनप्रश्न तीन आहेत. पहिला, मुलगे-मुलींच्या अभ्यासप्रेरणेच्या गुणांत फरक आहे का, यासाठी टी-चाचणी लिहिली होती. गाईडनी खोडली: एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, p चुकीचा येऊ शकतो. पटलं. पण बहुस्तरीय मॉडेलला 6 शाळा फारच कमी, म्हणून शाळांची डमी चलं घालून प्रतिगमन करू का?

दुसरा, मुलं शाळेत का टिकतात, यासाठी मुलाखतींचं थीमनुसार विश्लेषण ठरलंय. घोडं अडलंय तिसऱ्यावर: आकडे आणि मुलाखती जुळतात का? एक मुलगा प्रश्नावलीत ‘अभ्यास आवडतो’ला 5 देतो आणि मुलाखतीत म्हणतो, “होडीवरच जायचंय, शिकून काय?” दोन्ही एका तक्त्यात शेजारी मांडले, विसंगती दिसली, पण पुढे लिहायचं काय? कुणी असा तक्ता केला असेल तर दाखवा ना.