संपादक गटार उपसत नाहीत!
>> "मुलं संपादकांना पत्र लिहितात पण ते तक्रार अर्जासारखंच होतं, काय करू?"

आमच्या फोंड्याकडे पण हेच व्हायचं, मुलं लिहायची 'कृपया आमचं गटार लवकर साफ करावं', अरे पण संपादक गटार कसं साफ करणार? म्हणून मी पहिलं वाक्यच बदलून घेते, 'आपल्या दैनिकातून मला या प्रश्नाकडे पंचायतीचं लक्ष वेधायचं आहे'. मग मधला परिच्छेद, तिथे 'खूप त्रास होतो' लिहिलं की मी खोडतेच. एकीने नंतर लिहिलं, 'मे संपत आला तरी शाळेजवळच्या गटारात प्लास्टिक तसंच आहे, पाऊस पडला की पाणी रस्त्यावर येतं आणि बालवाडीतली मुलं त्यातूनच चालतात'. शेवटी एकच मागणी, पावसाआधी गटार उपसा.