मदत हवी आहे: रंगाच्या डब्यासमोर 'किती जागेला पुरतो' हे नेमकं कसं लिहायचं?

मेघना_त

नमस्कार मंडळी. रंग, गोंद, स्क्रू, सिलिकॉन असा माल विकणाऱ्या एका वेबसाइटचा कॅटलॉग नुकताच माझ्याकडे आलाय. आधी तो सांभाळणाऱ्याने प्रत्येक वस्तूसाठी चार रकाने ठेवलेत: किती जागेला पुरतं, सुकायला किती वेळ, पॅक केवढा, कशावर चालतं. सगळे रकाने भरलेले आहेत, तरी तक्रारी थांबत नाहीत.

ताजी तक्रार सांगते. आतल्या भिंतींचं इमल्शन आहे. आमच्याकडे लिहिलंय: 'कव्हरेज १२ चौ.मी. प्रति लिटर, सुकण्याची वेळ ३० मिनिटे, पॅक ४ लिटर, सर्व भिंतींसाठी.' गिऱ्हाइकाची खोली ४ बाय ३ मीटर, उंची ३ मीटर. दारं-खिडक्या सोडून ३६ चौ.मी. भिंत उरते. त्याने ३६ ला १२ ने भागलं, ३ लिटर आले, म्हणून ४ चा डबा घेतला. पहिला हात जेमतेम पुरा झाला आणि डबा रिकामा! आता त्याचं म्हणणं, डब्यात माप कमी होतं. माप बरोबर आहे, ते तपासून झालंय. उत्पादकाच्या माहितीपत्रकात '१० ते १२' असं दिलंय, म्हणजे आमचा आकडाही हवेतला नाही. मग गोची कुठे आहे, आणि मी लिहू काय?

निवांत_बसलो

भिंतीला ओल असेल तर रंग टिकणारच नाही, कितीही डबे ओता. आमच्याकडे एका भिंतीला सारखे फुगे यायचे, शेवटी बाहेरच्या बाजूला तडा निघाला. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, मग रंगाचं बघा.

मेघना_त

ओल नाहीये हो, आणि भिंतही माझी नाही. मला वर्णन लिहायचंय. :)

रोलरवाला

सोपं आहे. पत्रकातला आकडा एका हाताचा असतो, भिंतीला हात लागतात दोन. सरळ निम्मं करून ६ लिहा, विषय संपला. आणि कमी पडतोय असं वाटलं तर पाणी जरा सढळ हाताने घालायचं, तेवढ्याच रंगात भिंत निघते. आम्ही कायम तेच करतो.

पिगमेंट

रोलरवाला, हातांचं तुम्ही बरोबर धरलंत, पण सरसकट निम्मं करू नका. काही उत्पादक दोन हातांचा हिशेब करूनच आकडा छापतात. तिथे पुन्हा निम्मं केलं तर गिऱ्हाईक दुप्पट रंग घरी नेईल.

मेघना, पत्रकात आणखी दोन आकडे शोधा: रंगातला घन भाग आकारमानाने किती टक्के, आणि एका हाताची सुकलेली जाडी किती मायक्रॉन. वजनाने दिलेले टक्के घेऊ नका, ते नेहमी जास्त दिसतात आणि हिशेब फसतो.

मेघना_त

सापडले. आकारमानाने ३८ टक्के, जाडी ३५ मायक्रॉन. '१० ते १२' च्या खाली बारीक अक्षरांत 'एक हात, प्रायमर मारलेला गुळगुळीत पृष्ठभाग' असंही आहे. कॅटलॉगमध्ये ही ओळ आलेलीच नाही.

पिगमेंट

मग गोची तिथेच आहे. हिशेब असा करा. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर ओतून सारखा पसरला तर ओला थर बरोबर १ मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा होतो. पाणी उडून गेलं की ३८ टक्के उरतो, म्हणजे ३८० मायक्रॉन. आपल्याला थर हवाय ३५ चा. ३८० भागिले ३५, साधारण १०.९. म्हणजे ठरलेल्या जाडीचा एक हात मारायचा तर एक लिटर जास्तीत जास्त १०.९ चौ.मी. जाईल, आणि तोही थेंबभर वाया न जाता. १२ चौ.मी.वर ओढलात तर थर ३२ मायक्रॉनच्याही आत येतो आणि खालचा रंग डोकावायला लागतो.

त्यातून भिंत काही काच नसते. थोडा रंग रोलरमध्ये राहतो, थोडा ट्रेला चिकटतो, थोडा पुट्टी पिते. घरातल्या कामाला मी वीस टक्के घट धरतो, खरबरीत प्लास्टर असेल तर त्याहून जास्त. १०.९ मधून वीस टक्के गेले की ८.७ उरतात. आता चारला ८.७ ने गुणा: ३५ चौ.मी. भिंत ३६ ची. डबा पहिल्या हातालाच संपला ना? संपणारच होता. दोन हातांना ७२ चौ.मी. व्यापायचे, त्याला सव्वाआठ-साडेआठ लिटर लागतात.

पाण्याबद्दल: पत्रकात सांगितलंय तेवढं घालायलाच हवं, नाहीतर रोलर ओढत नाही. पण जास्तीच्या पाण्याने घन भाग वाढत नाही, तोच रंग पातळ होऊन लांब पसरतो. भिंत ओली असताना झाकलेली वाटते, सुकल्यावर पट्टे दिसतात आणि तिसरा हात मारावा लागतो. म्हणून कव्हरेजचा लिटर म्हणजे पाणी न मिसळलेल्या रंगाचा लिटर, हेही लिहून टाका.

रोलरवाला

तिसरा हात मारायला लागतो हे खरंय, त्याचा दोष मी रंगालाच देत होतो. पण दुसऱ्या हाताला पहिल्यापेक्षा कमी रंग लागतो, हे तुमच्या हिशेबात कुठे आलं?

पिगमेंट

बरोबर आहे, नाही आलं. पहिला हात भिंत पिते, दुसरा वरच राहतो. प्रायमर नसेल तर हा फरक ठळक दिसतो, असेल तर फारसा नाही. वीस टक्के हे दोन्ही हातांचं सरासरीने धरलंय, अगदी काटेकोर नव्हे.

सुतारपक्षी

रंगाचं तुम्ही बघा, मला त्या 'सुकण्याची वेळ' रकान्याबद्दल बोलायचंय, कारण आमच्या धंद्यात त्याने वाट लागते. सनमायका चिकटवायच्या कॉन्टॅक्ट अॅढेसिव्हपुढे 'सुकण्याची वेळ १५ मिनिटे' लिहिलेलं असतं. नवखा माणूस काय करतो, एकाच बाजूला लावतो, ओलं असतानाच जोडतो आणि पंधरा मिनिटांत पक्कं होईल म्हणून वाट बघतो. आत अडकलेल्या सॉल्व्हंटचे फुगे येतात, कडा उचलतात. खरं तर ती पंधरा मिनिटं जोडण्याआधी थांबायची आहेत. दोन्ही बाजूंना लावायचं, उघडं ठेवायचं, बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. चिकट लागलं पण बोटाला काही आलं नाही, की जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही.

पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाचं उलटं. ते ओलं असतानाच जोडायचं आणि क्लॅम्प लावून ठेवायचं. वर कातडी धरली की पकड गेली. तुमच्या रकान्यात दोन्हींपुढे नुसते मिनिटांचे आकडे असतील तर दोघांतला एक जण फसणार.

आणि कॉन्टॅक्टचं कव्हरेज एका बाजूचं लिहिलंय की दोन्ही बाजूंचं? एका बाजूचं ४ चौ.मी. असेल तर प्लाय २ चौ.मी.च होतो.

मेघना_त

आमच्याकडे दोन्ही गोंदांपुढे फक्त 'सुकण्याची वेळ' आहे. मग हा रकाना फोडते: जोडण्याआधी किती थांबायचं, दाबून किती ठेवायचं, पूर्ण ताकद कधी. रंगाचंही तसंच करावं लागेल ना? ती ३० मिनिटं कसली आहेत?

पिगमेंट

बोट लावल्यावर रंग बोटाला न येण्याची. दुसरा हात त्यानंतर लगेच मारायचा नसतो. पत्रकात त्याचा वेगळा आकडा असेल, इमल्शनला बहुधा चारेक तास. आणि भिंत पुसण्याजोगी व्हायला आठवडे लागतात. तेही लिहा, कारण लोक दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन उभे राहतात. हे आकडे साधारण पंचवीस अंश तापमानाला आणि मध्यम दमटपणाला धरलेले असतात. हवा थंड किंवा दमट असेल तर वेळ लांबते.

तेलाच्या इनॅमलला इमल्शनचा आकडा चुकूनही लावू नका. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन आतपर्यंत घट्ट होतो, त्याला रात्रभर तरी द्यावी लागते. वरून सुकलाय म्हणून घाईने दुसरा हात मारला की खालचा मऊ थर फुगून सुरकुत्या पडतात.

मेघना_त

आणखी एक. सिलिकॉन सीलंटच्या २८० मिलिलिटरच्या नळीपुढे कव्हरेजचा रकाना रिकामा आहे. चौ.मी. मध्ये काय लिहिणार?

सुतारपक्षी

चौ.मी. लिहूच नका, लांबी लिहा. ६ मिलिमीटर रुंद आणि ६ खोल फट असेल तर एका नळीत पावणेआठ मीटर जाते. फट १० बाय १० ची असेल तर २.८ मीटरवरच आटपते. म्हणून फटीचं माप लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि 'कशावर चालतं' मध्ये व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर संगमरवर आणि आरशाची मागची बाजू टाळा असं स्पष्ट लिहा, त्यातलं आम्ल डाग पाडतं. सिलिकॉनवर रंगही बसत नाही, ते विचारणारे रोज भेटतात.

मेघना_त

इमल्शनचा मसुदा टाकते, झोडपा.

'प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीवर एका हाताला १ लिटर (पाणी न मिसळता) साधारण ८ ते ९ चौ.मी., म्हणजे ८५ ते ९५ चौरस फूट. दोन हात हवेत. ३६ चौ.मी. भिंतीला दोन हातांसाठी सुमारे साडेआठ लिटर. बोटाला न लागण्याइतका ३० मिनिटांत सुकतो, दुसरा हात ४ तासांनी. पॅक १, ४ आणि १० लिटर. प्लास्टर, पुट्टी, जुना घट्ट रंग यांवर प्रायमरसह. नवं प्लास्टर पूर्ण वाळू द्या. धातू आणि ओल असलेल्या भिंतीसाठी नाही.'

पिगमेंट

नव्या प्लास्टरला 'किमान २८ दिवस' असा आकडा द्या, 'पूर्ण वाळू द्या' म्हटलं की प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आणि पॅकमध्ये एक भर: मशीनवर शेड मिसळून घ्यायचा बेस असेल तर रंगद्रव्याला जागा राहावी म्हणून तो डब्यात कमी भरलेला असतो. भरलेलं माप लिहा, डब्याचं नको. त्या गिऱ्हाइकाचा डबा तसा होता का, तेही एकदा बघा.

रोलरवाला

मला विचाराल तर ८ ते ९ असं लिहू नका, ८ च लिहा. लोक नेहमी मोठा आकडा पकडतात, त्या गिऱ्हाइकाने १२ च पकडला होता ना?

पिगमेंट

आणि शेजारच्या वेबसाइटवर १२ दिसलं की तुमचं ८ बघून लोक तिकडे जातील. 'एक हात' आणि 'गुळगुळीत भिंत' हे आकड्याच्या लगत, तेवढ्याच ठळक अक्षरांत असेल तर मला ८ ते ९ चालेल.

मेघना_त

डबा बेसचाच होता, आत्ता बघितलं. भरलेलं माप ३.६ लिटर, रंगद्रव्य पडून चारच्या जरा खाली. ८ की ८ ते ९, हे मालकांना विचारून सांगते. उद्या स्क्रू आणि फिशरचं घेऊन येते, तिथे तर 'सर्व भिंतींसाठी' पोकळ ब्लॉकपुढेही लिहिलंय.

निवांत_बसलो

पोकळ ब्लॉकमध्ये साधा फिशर नुसता फिरत बसतो, हे मात्र मी बघितलंय. आणि ओलीचं मी म्हणालो होतो ते मसुद्यात शेवटी आलंच की!