मोठ्या खंडानंतर पुन्हा नोकरी : आयांचे अनुभव

मुलांसाठी पाच-सात वर्षं किंवा त्याहून जास्त काळ घरी राहून मग परत नोकरीला लागलेल्या आयांनी लिहावं. "जमेल गं, काळजी करू नकोस" हे आपण सगळ्याजणींनी ऐकलेलंच आहे. नेमकं अडलं कुठे आणि कामाला काय आलं, तेवढं सांगा.

पाऊलवाट

मी प्रोग्रॅमर. 2011मध्ये नोकरी सोडली, 2022मध्ये परत लागले. सोडली तेव्हा आम्ही जावा 6 वापरायचो आणि कोड एसव्हीएनमध्ये असायचा. परतले तर टीम जावा 17वर आणि कोड गिटमध्ये.

जावाची भीती सगळ्यात जास्त होती. 2014च्या जावा 8पासून लॅम्डा आणि स्ट्रीम आले, त्यामुळे आम्ही जिथे साधा लूप लिहायचो तिथे आता एकाला एक जोडलेली लांबच लांब साखळी. माझीच भाषा कोणीतरी परक्या हेलात बोलतंय असं वाटायचं. त्यावर एकच उपाय चालला. माझे जुने लूप घेऊन बसले आणि एकेक नव्या पद्धतीने लिहून काढला. व्हिडिओ बघून डोक्यात शिरलं नव्हतं ते असं हाताने शिरलं. गिटचं वेगळंच. एसव्हीएनमध्ये कमिट केलं की काम थेट सर्व्हरवर जायचं, गिटमध्ये पुश करेपर्यंत ते आपल्याच मशीनवर राहतं. हा एक फरक मनात पक्का झाल्यावर बाकीचं गिट फारसं कठीण गेलं नाही.

खरी शंका मात्र तंत्राची नव्हतीच. सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा बऱ्याच लहान मुलं-मुली भराभर बोलायची आणि मी आपली मान डोलवायची. विचारलं तर "हिला एवढंही येत नाही" असं वाटेल, न विचारलं तर काम अडेल. या कात्रीत पहिले काही आठवडे गेले.

मग महिन्याच्या ऑर्डर्सच्या अहवालाची तक्रार आली. मिनिटभर फिरत राहायचा आणि मधेच बंद पडायचा. टेबलात लाखो नोंदी. टीममध्ये चर्चा चालली होती ती कॅशे बसवायची, सर्व्हर वाढवायची. मी म्हटलं, आधी क्वेरी तरी बघू. तिच्यात हे होतं:

```sql
WHERE YEAR(order_date) = 2022
  AND MONTH(order_date) = 9
```

`order_date` या कॉलमवर इंडेक्स होता, पण कॉलमच असा फंक्शनमध्ये गुंडाळला की त्या इंडेक्सचा शोधायला उपयोग होत नाही. तारखांच्या क्रमाने लावलेली यादी हाताशी असून डेटाबेस प्रत्येक नोंद उघडतो, तिचं वर्ष आणि महिना काढतो आणि मग ठरवतो. `EXPLAIN` चालवून दाखवलं, `type`खाली `ALL`. म्हणजे अख्खं टेबल वाचलं जात होतं. मी एवढंच बदललं:

```sql
WHERE order_date >= '2022-09-01'
  AND order_date <  '2022-10-01'
```

`ALL`च्या जागी `range` आलं आणि अहवाल क्षणात उघडला. एकाने विचारलं, 30 तारखेपर्यंत `BETWEEN` का नाही लावलं? कारण कॉलममध्ये वेळही होती. नुसती तारीख म्हणजे त्या दिवशीची मध्यरात्र धरली जाते, त्यामुळे 30 तारखेच्या दिवसभरातल्या ऑर्डर्स गळाल्या असत्या. हे उत्तर देताना आवाज आपोआप पूर्वीसारखा लागला, हे माझं मलाच जाणवलं.

हे काही नवं शिकलेलं नव्हतं, 2011मध्येही मी हेच केलं असतं. फ्रेमवर्क बदलली, पण डेटाबेस नोंद कशी शोधतो ते बदललं नव्हतं. त्यानंतर मी मीटिंगमध्ये बिनधास्त विचारू लागले. धाकधूक संपली असं मात्र नाही. कोड सर्व्हरवर चढवायच्या नव्या पद्धतीपुढे अजूनही पोटात गोळा येतो.

खडूफळा

अगदी माझंच लिहिलंत! मीही लेकाच्या परीक्षेसाठी वर्षभर बिनपगारी रजा घेतली होती, परत जाताना वर्गात शिरायलाच नको वाटत होतं.

रातपाळी

खडूफळाताई, तुमची खुर्ची राखलेली होती हो, हा विषय जरा निराळा आहे. 🙂

मी नर्स. 2008मध्ये सोडलं, 2019मध्ये परत. पाऊलवाट, तुझं जुनं ज्ञान कामी आलं, माझं आधी पुसावं लागलं. रुग्णाचं हृदय बंद पडलं तर आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा, असं आमच्या हातात बसलेलं. 2010च्या मार्गदर्शक सूचनांत हा क्रम बदलला आणि छाती दाबणं पहिलं आलं. 2015च्या सूचनांप्रमाणे प्रौढांमध्ये निदान 5 सेंटिमीटर खोल, पण 6च्या वर नाही, आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा. मी नव्याने प्रशिक्षण घेतलं तेव्हा डोक्याला लगेच पटलं, हात मात्र पुतळ्याच्या हनुवटीकडेच जायचे. म्हणून आमच्या कामात नुसत्या आत्मविश्वासाची मला भीतीच वाटते.

टिकलं ते नजरेचं काम. पेशंट "बरं आहे" म्हणतोय, पण श्वास जलद चाललाय, एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, हे मला मॉनिटर ओरडायच्या आधी दिसतं. दोन तरुण नर्स आता त्यासाठी मला मुद्दाम बोलावतात.

चष्मेवाली

माझा साधा सल्ला. बायोडेटात महिने लिहूच नका, फक्त वर्षं लिहा. खंड दिसतच नाही. मला तरी कोणी विचारलं नाही.

भरतीवाली

काही महिन्यांचा खंड असेल तर हे चालून जातं. अकरा वर्षं कशी लपणार? शिवाय पुष्कळ ठिकाणी आधीच्या नोकरीच्या रुजू आणि सोडल्याच्या तारखा पडताळून घेतात. तिथे तफावत निघाली तर खंडापेक्षा तेच महागात पडतं. त्यापेक्षा सरळ एक ओळ लिहा: "2011–2022 मुलांच्या संगोपनासाठी घरी, शेवटच्या वर्षी जावा 17 आणि एसक्यूएलचा सराव." मुलाखतीत विचारलं तर तेवढंच बोला आणि सरावात काय केलं त्याकडे वळा. माझ्यासमोर बसलेल्या बायका खंडाचं कारण पाच मिनिटं सांगतात, मग येतं काय ते सांगायला वेळच उरत नाही. तुम्ही ती क्वेरीची गोष्ट सांगितलीत तशी मुलाखतीत सांगितलीत, तर मी खंडाचं विचारणारही नाही.

इंडेक्सवाला

विषय सोडून बोलतोय, पण थेट फंक्शनवरच इंडेक्स बनवता आला असता की. मायएसक्यूएलमध्ये 8.0.13पासून सोय आहे. क्वेरीला हात लावायची गरजच नव्हती.

पाऊलवाट

बनवता आला असता. पण मग दर नव्या नोंदीला एक इंडेक्स जास्त सांभाळायचा, आणि तारखेवरचा इंडेक्स तर होताच. क्वेरी आमच्या हातात नसती, तर तुमचंच केलं असतं.

भरतीवाली, एक विचारते. मी सोडताना सीनियर होते, घेतलं ज्युनियर म्हणून, पगारही त्याच पायरीचा. तेव्हा आत शिरायची घाई होती म्हणून हो म्हटलं. आता पायरीचा विषय काढायचा तर तो कधी काढावा?

भरतीवाली

रुजू होतानाच "सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पद ठरवू" असं लेखी घ्यायला हवं. तुमच्याकडे ते नसेल तर वार्षिक आढाव्याच्या महिनाभर आधी, ऑर्डर्सच्या अहवालासारखी दोन-तीन कामं लिहून द्या.

रातपाळी

आमच्याकडे असं मागून कोणी देत नाही. मी तर अजून खालच्याच पायरीवर आहे.